पिवळ्या पट्ट्यावरची पॅलेट

व्याख्यानमालेत गोडाऊनमधल्या धडकेवर बोलायला माणूस बोलावलाय, म्हणून काहींना नवल वाटलं असेल. पण समोर बसलेल्यांतले निम्मे तरी बेळगावच्या उद्यमबागेत, मच्छेला नाहीतर होनग्याला कामाला जाऊन आलेले आहेत. ज्यांनी गल्लीतून जाताना मागून हॉर्न ऐकून रॅकला अंग चिकटवलंय, त्यांना मी काय सांगतोय ते कळेल.

आपल्याच भागातलं एक गोडाऊन. नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. दोन बाजूंना रॅक, मधे एक गल्ली आणि गल्लीच्या तोंडाशी ट्रक लागायचा डॉक. रॅकच्या कडेनं फरशीवर पिवळा पट्टा मारलेला, तो पायी जाणाऱ्यांचा. त्या संध्याकाळी ट्रक यायला उशीर झाला होता. भरायच्या पॅलेटी डॉकवर मावेनात, म्हणून त्यातल्या सहा-सात पिवळ्या पट्ट्यावर आल्या आणि बाकीच्या डॉकसमोरच्या मोकळ्या जागेत. ही मोकळी जागा लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचंय.

स्टॉक मोजणारा पोरगा खानापूरकडचा. पट्टा अडलेला, म्हणून तो गल्लीतून चालत होता. खालच्या कप्प्याचं लेबल फरशीपासून वीतभर उंचीवर. नंबर वाचायला तो उकिडवा बसला. तेवढ्यात फोर्कलिफ्ट आली आणि फोर्कवरच्या पॅलेटची कड त्याच्या डाव्या पायावर आदळली. नडगीची दोन्ही हाडं मोडली. आज तो चालतो, पण जिना उतरताना कठडा धरतो.

ड्रायव्हर सुन्न झाला होता. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "पुढं माणूस न्हवताच की ओ." आणि चौकशीच्या कागदावर पहिल्याच दिवशी लिहिलं गेलं, 'चालकाचा निष्काळजीपणा, अतिवेग.' त्या चौकशीत मीही होतो. मला तो ड्रायव्हर खोटं बोलतोय असं वाटेना, म्हणून आम्ही टेप घेऊन फरशीवर बसलो.

आधी वजन बघू. फोर्कवर पुठ्ठ्याची खोकी होती, सगळी मिळून सहाशे किलो. मशीन अडीच टन उचलणारं. म्हणजे वजनाच्या हिशेबात काहीच नाही, आणि म्हणूनच त्या लोडकडे कुणी दुसऱ्यांदा बघितलं नाही. ओतकामाचा दोन टन माल असता तर तो गुडघ्याएवढा बसला असता आणि ड्रायव्हरला त्याच्यावरून सगळं दिसलं असतं. हलका माल उंच होतो. खोक्यांची थप्पी एक मीटर पस्तीस, खाली पॅलेट पंधरा सेंटिमीटर, आणि फोर्क जमिनीपासून पंधरा सेंटिमीटर उचललेला. लोडचा माथा फरशीपासून 1.65 मीटरवर.

मग त्याच ड्रायव्हरला सीटवर बसवून त्याच्या डोळ्याची उंची मोजली, 1.85 मीटर. डोळ्यापासून लोडच्या पुढच्या कडेपर्यंत 2.4 मीटर. आता सुतार लावतो तशी एक दोरी मनात लावा, डोळ्यापासून लोडच्या माथ्यावरून पुढं. 2.4 मीटरमधे ती 20 सेंटिमीटर खाली येते, म्हणजे बारा फुटांत एक फूट. उभ्या माणसाचं डोकं या दोरीला लागतं, ते दिसतं. उकिडव्या बसलेल्या माणसाचं डोकं नव्वद सेंटिमीटरवर. तिथपर्यंत दोरी उतरायला डोळ्यापासून 11.4 मीटर लागतात. त्यातून 2.4 वजा करा, राहिले नऊ. लोडच्या पुढं नऊ मीटरच्या आत जो खाली बसला, तो त्या ड्रायव्हरच्या दृष्टीनं गल्लीत नाहीच. पोरगं बसलं तेव्हा लोड त्याच्यापासून नऊ मीटरच्या आतच होता. "पुढं माणूस न्हवताच" हे वाक्य मोजून खरं निघालं.

टायरची खूणही तेच सांगत होती. आधी माणूस दिसला असता तर ब्रेकची काळी रेघ धडकेच्या बरीच अलीकडे सुरू झाली असती. ती सुरू झाली होती जेमतेम हातभर आधी. पोरगं ओरडलं, तेव्हा ब्रेक लागला.

आता वेग. गल्लीच्या तोंडाशी वेगमर्यादेचा फलक होता, आठ किलोमीटरचा, वर कन्नडमधे 'निधान'. कन्नडमधे निधान म्हणजे सावकाश. आपल्याकडे निधान म्हणजे ठेवा, खजिना. कोल्हापूरकडून आलेला एक नवीन ड्रायव्हर पहिल्या दिवशी विचारत होता म्हणे, की आत इतकं काय ठेवलंय. असो. कॅमेऱ्यात मशीन रॅकच्या एका खांबापासून पुढच्या खांबापर्यंत, म्हणजे 2.7 मीटर, एका सेकंदात जाताना दिसत होतं. ताशी दहाच्या आतबाहेर. मर्यादेपेक्षा जास्त, हे खरं. पण आठनं आला असता तर थांबला असता का? जो दिसतच नाही त्याच्यासाठी कुणी कुठल्याही वेगात ब्रेक मारत नाही. वेगाचा संबंध दुसऱ्या बाजूनं येतो. दहाच्या वेगानं ते नऊ मीटर सव्वातीन सेकंदांत संपतात. लेबल वाचून नंबर टिपून घ्यायला तेवढा वेळ लागतोच. पाचच्या वेगानं साडेसहा सेकंद मिळतात. तेवढ्यात पोरगं उठून उभं राहिलं असतं आणि डोकं दिसलं असतं. शिवाय वेग निम्मा झाला की धडकेचा जोर चौथा हिस्सा होतो. मशीन रिकामंच चार टनांच्या घरातलं, मागच्या लोखंडी वजनामुळं. चार-पाच छोट्या मारुती गाड्या एकत्र ढकलत आणल्यासारखं.

उंच लोड असला की रिव्हर्समधे जायचं, तोंड मागे करून, लोड पाठीमागून ओढत न्यायचा. हे प्रत्येक ड्रायव्हरला माहीत असतं, यालाही होतं. मग गेला का नाही? मी विचारलं तर त्यानं मला डॉकवर नेऊन जागाच दाखवली. रिव्हर्समधे डॉकपर्यंत आलं की ट्रक भरायला फोर्क ट्रककडे वळवावा लागतो. वळायची जागा एकच, डॉकसमोरची मोकळी. त्या दिवशी तिथं पॅलेटी होत्या. गल्लीत एवढं मशीन फिरत नाही. म्हणून रॅकमधून माल काढतानाच त्यानं तोंड डॉककडे केलं आणि सरळ निघाला.

म्हणजे बघा, ट्रक उशिरा आला म्हणून ठेवलेल्या त्याच पॅलेटींनी माणसाला पट्ट्यावरून गल्लीत आणलं आणि मशीनला पुढच्या तोंडानं चालायला लावलं. दोघंही एकमेकांसमोर आले ते एकाच कारणानं. ते कारण चौकशीच्या पहिल्या कागदावर नव्हतं, कारण तिथं पॅलेटी ठेवायला सांगणारा माणूस तोच कागद लिहीत होता.

पुढं काय केलं, ते सांगतो. आरसे लावायची सूचना आली. कोपऱ्यावर आरसा कामाचा, पण इथं धडक सरळ गल्लीत झालेली, तिथं तो काय दाखवणार? पट्टा पुन्हा रंगवायचं ठरलं, तेही मी मोडून काढलं. रंगावर पॅलेट बसते. तिथं पाइपचं रेलिंग घातलं आणि आतली वाट मुद्दाम नव्वद सेंटिमीटरच ठेवली, कारण त्यांची पॅलेट रुंदीलाही पुरा एक मीटर आहे. डॉकसमोरच्या जागेला चारी बाजूंनी लोखंडी खुंट लावता येत नाहीत, मशीन तिथूनच फिरतं. तिथं अजून भरवसा माणसावरच आहे, आणि दिवाळीच्या तोंडावर तिथं पॅलेटी मी पुन्हा बघितल्यात.

सगळ्यात स्वस्त काम मात्र त्या पोरानंच सुचवलं, पायाला प्लॅस्टर असताना. खालच्या कप्प्यांची लेबलं वरच्या आडव्या पट्टीवर, छातीच्या उंचीला, खाली बाण काढून चिकटवली. एका रविवारी दोघांनी बसून पूर्ण गोडाऊनची लेबलं बदलली. त्यातला एक तो ड्रायव्हर होता.