प्यायलेलं पण खाल्लेलंच असतं

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय ग्लासातल्या कॅलरींबद्दल, म्हणजे स्मूदी, प्रोटीन शेक, शहाळं, ताक. आपण पोळ्या मोजतो, भात मोजतो, ग्लास मात्र कुणी मोजत नाही आणि पोटही तो नीट मोजत नाही.

माझ्या भाच्याचंच सांगते. जिम लावली, जेवण कमी केलं, तरी वजन हलेना. मला म्हणाला, "आत्या, सगळं लिहून ठेवतोय गं, बघ तूच." वही बघितली, तर सकाळच्या रकान्यात एकच शब्द, शेक. म्हटलं, उद्या सकाळी माझ्यासमोर कर, आणि ओट्यावर तो स्वयंपाकाचा छोटा वजनकाटा आणून ठेव. सकाळी गेले तर मिक्सरचं मोठं भांडं तयारच होतं. फुल क्रीम दूध 300 मिली, झाल्या साधारण 260 कॅलरी. दोन केळी, 200. मग पीनट बटर, "दोनच चमचे गं," म्हणे, पण चमचा असा डोंगर करून भरलेला की काट्यावर ठेवलं तर 40 ग्रॅम, म्हणजे 240 कॅलरी. चार खजूर, 90. वरून चमचाभर मध, 60, का तर साखर सोडलीय! आणि शेवटी व्हे प्रोटीनचा एक स्कूप, 120. बेरीज त्यालाच करायला लावली, 970 आली. म्हणजे आठ-नऊ पोळ्या, मंडळी, आणि त्या संपल्या दोन-तीन मिनिटांत, उभ्या उभ्या, बूट घालता घालता. बरं एवढं पिऊन पोट भरावं की नाही, तर अकराला ऑफिसच्या कँटीनमध्ये पोह्यांची प्लेट असायचीच, कारण भूक लागलेली असायची, खरी भूक, त्यात त्याचं काही चुकत नव्हतं.

मग आम्ही काय केलं, तर शेक बंद नाही केला, सुटा केला. व्हे नुसत्या पाण्यात, 120. एक केळं, पण चावून. दोन उकडलेली अंडी आणि एक पोळी-भाजी, बसून. सगळं मिळून 500 च्या आसपास, म्हणजे जवळजवळ निम्मं, आणि भूक लागायची ती थेट जेवणाच्या वेळेला. वजन त्यानंतर हलायला लागलं. (आणि बसून खा हे मी सगळ्यांनाच सांगते हं, घरात आता डायनिंग टेबलावर लॅपटॉप असतो आणि माणसं ओट्याशी उभी राहून खातात, मला ते अजिबात पटत नाही.)

असं का होतं? चावायला वेळ लागतो, तेवढ्यात पोट भरल्याची जाणीव व्हायला लागते. पातळ पदार्थ झटकन आत जातो आणि पोटातून पुढेही लवकर सरकतो. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी 2000 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला, लोकांना रोज 450 कॅलरी काही आठवडे गोड गोळ्यांच्या रूपात दिल्या, जेली बीन्स, आणि तेवढ्याच पुढे साखरेच्या गोड सोड्याच्या रूपात. गोळ्या खाल्ल्या तेव्हा लोक बाकीचं जेवण आपोआप कमी जेवले, सोडा प्यायले तेव्हा जेवले पहिल्याइतकंच. पुन्हा सांगते, चावलेलं जेवणातून वजा झालं, प्यायलेलं झालं नाही.

आता ताक आणि शहाळं. वाटीभर दह्यात पाणी घालून तीन ग्लास ताक केलं की ग्लासाला 30-35 कॅलरी, ते मोजत बसूच नका. पण त्याच दह्याची लस्सी केली, वर चार चमचे साखर, की 200 च्या घरात गेलात. लग्नातसुद्धा पूर्वी मठ्ठा असायचा, आता दारातच रंगीत वेलकम ड्रिंक हातात देतात, मठ्ठ्याची चव त्याला कुठून येणार! शहाळ्याच्या पाण्यात 50-60 कॅलरी, मलई खाल्ली तर जास्त. पण दिवसाला तीन शहाळी, "ते तर पाणीच," असं करू नका, आणि किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच, त्यात पोटॅशियम भरपूर असतं. बाटलीतलं घेतलं तर मागे साखर घातलीय का बघा.

आणि एक, सगळ्यांनी शेक सोडायचा नाहीये. ज्यांचं वजन वाढतच नाही किंवा आजारपणात ज्यांना जेवण जात नाही, दात नाहीत म्हणून आजी अर्ध्या पोळीवर उठतात, त्यांच्यासाठी हाच ग्लास कामाचा. आजींना दूध, केळं, खजूर फिरवून द्या, जेवणाआधी नको, जेवणानंतर दोन तासांनी, म्हणजे जी अर्धी पोळी खाल्ली जाते ती तरी सुटणार नाही.