जन्माआधीची सही

ही गोष्ट इंग्लंडमधल्या ग्रेव्हसेंड या गावची आहे. 27 जानेवारी 1866 रोजी केल्नर नावाच्या मद्यव्यापाऱ्याने तीन जणांना एक पत्र लिहिले. आपल्याकडचा जादा मद्यसाठा 900 पौंडांना विकायला आपण तयार आहोत आणि पैसे 28 फेब्रुवारीला मिळावेत, एवढाच त्यात मजकूर होता. बॅक्स्टर, कॅलिशर आणि डेल्स या तिघांनी त्याच कागदावर प्रस्ताव मान्य असल्याचे लिहून सह्या केल्या आणि सह्यांखाली एक ओळ घातली: ‘ग्रेव्हसेंड रॉयल अलेक्झांड्रा हॉटेल कंपनी लिमिटेड यांच्या वतीने.’

त्या दिवशी ही कंपनी जगात नव्हती. तिच्या नोंदणीचे प्रमाणपत्र 20 फेब्रुवारीला निघाले. माल पोचला, हॉटेलात आलेल्या पाहुण्यांनी तो पिऊनही संपवला, कंपनीच्या संचालकांनी खरेदीला मंजुरीही दिली. पण पैसे चुकते होण्याआधीच कंपनी बुडाली आणि केल्नरने थेट त्या तिघांवर दावा लावला. त्यांचा बचाव ऐकायला सरळ वाटतो: आम्ही स्वतःसाठी काही घेतले नाही, आम्ही कंपनीसाठी सही केली, कंपनीने ती मान्यही केली, मग देणे कंपनीचे.

न्यायालयाने हा बचाव मानला नाही. प्रतिनिधीने केलेल्या व्यवहाराला मालक मागाहून मंजुरी देऊ शकतो, पण त्यासाठी व्यवहाराच्या दिवशी तो मालक अस्तित्वात असावा लागतो. मुनिमाने शेटजींना न विचारता माल घेतला आणि शेटजींनी दुसऱ्या दिवशी ‘ठीक आहे’ म्हटले, तर ती मंजुरी चालते, कारण माल घेतला तेव्हा शेटजी हयात होते. 27 जानेवारीला मात्र कंपनी नावाचा कोणी मालकच नव्हता. मग त्या कागदाला एकतर काहीच अर्थ नाही, किंवा ज्यांनी सह्या केल्या तेच त्याला बांधले गेले आहेत. माल खरोखर घेतला गेला होता आणि दोन्ही बाजूंना करार हवा होता, म्हणून न्यायालयाने दुसरा अर्थ घेतला. 900 पौंडांचे देणे त्या तिघांच्या वैयक्तिक माथी आले.

भारतातला कायदाही याच तत्त्वावर उभा आहे. भारतीय करार कायद्याच्या 230व्या कलमाप्रमाणे प्रतिनिधी सहसा स्वतः बांधला जात नाही. मात्र मालकाचे नाव सांगितलेले असूनही त्याच्यावर दावा लावता येत नसेल, तर प्रतिनिधीच बांधला गेला आहे असे गृहीत धरले जाते. जन्माला न आलेल्या कंपनीवर दावा कसा लावणार? म्हणून कंपनी उभी करणारी माणसे, ज्यांना कायद्याच्या भाषेत प्रवर्तक म्हणतात, ती नोंदणीआधी सही करताना ‘करिता’ हा शब्द लिहून सुरक्षित होत नाहीत. शिक्का आधीच करून घेतला आणि सहीवर उमटवला, तरी परिस्थिती तीच राहते.

यावर एक उपाय बहुतेकांना सुचतो. कंपनीचे दोन मूळ दस्तऐवज असतात. एक मेमोरँडम, म्हणजे घटनापत्रक, ज्यात नाव, नोंदणीकृत कार्यालयाचे राज्य, उद्देश, सभासदांच्या जबाबदारीची मर्यादा आणि भांडवल लिहिलेले असते. दुसरा आर्टिकल्स, म्हणजे नियमावली, ज्यात शेअर, सभा, संचालक आणि अंतर्गत कारभार यांचे नियम येतात. मग या नियमावलीतच एक कलम घालून ठेवावे, की अमुक तारखेचा अमुक करार कंपनीवर बंधनकारक राहील, म्हणजे कंपनी जन्मताच त्या करारानिशी जन्मेल. कल्पना चांगली वाटते. दुर्दैवाने ती चालत नाही, आणि ती का चालत नाही हे कळले म्हणजे या दोन दस्तऐवजांचे खरे स्वरूपही कळते.

लंडनच्या नॉर्थम्बरलँड ॲव्हेन्यूवर एक हॉटेल बांधायचे होते. कंपनी होण्याआधी जागेच्या भाडेपट्ट्याचा करार झाला आणि त्यावर नियोजित कंपनीसाठी विश्वस्त म्हणून एका व्यक्तीने सही केली. पुढे कंपनी नोंदली गेली. तिच्या नियमावलीत तो करार स्वीकारल्याचे म्हटले होते. कंपनीने जागेचा ताबा घेतला, बांधकामही सुरू केले, मग पैसा संपला आणि कंपनी गुंडाळण्याची वेळ आली. तेव्हा करार मोडल्याची भरपाई मागण्यात आली. 1886 मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने सांगितले, की कंपनी आणि जागा देणारा यांच्यात करार कधी झालाच नव्हता. ताबा, खर्च, बांधकाम हे सगळे कंपनीने केले ते आपल्यावर जुना करार बंधनकारक आहे या गैरसमजातून, नवा करार करायचा म्हणून नव्हे. मला हा निकाल कठोर वाटतो, कारण उभ्या राहिलेल्या भिंतींपेक्षा मोठा पुरावा कोणता असणार? पण त्यामागचा तर्क स्वच्छ आहे: करार दोघांच्या संमतीने होतो, आणि इथे कंपनीने समोरच्याला नव्याने संमती दिलीच नव्हती.

मग नियमावलीतल्या त्या कलमाचे काय? आपल्या कंपनी कायदा 2013 चे 10वे कलम याचे उत्तर देते. त्याचा आशय असा, की घटनापत्रक आणि नियमावली नोंदल्या गेल्या म्हणजे त्या कंपनीला आणि तिच्या सभासदांना अशा रीतीने बांधतात, की जणू कंपनीने आणि प्रत्येक सभासदाने स्वतः त्यांवर सही करून त्या पाळण्याचे वचन दिले आहे. ‘जणू सही केली’ या शब्दांत मोठी ताकद आहे. दहा वर्षांनी शेअर विकत घेणाऱ्या माणसाने ती नियमावली उघडूनही पाहिली नसेल, तरी ती त्याला लागू होते. शेअरचे न भरलेले पैसे कंपनीने त्या दस्तऐवजांप्रमाणे मागितले, तर ते सभासदाचे कर्ज ठरते.

पण त्या काल्पनिक सह्या कोणाच्या आहेत तेही नीट पाहिले पाहिजे. त्या कंपनीच्या आहेत आणि सभासदांच्या आहेत. माल पुरवणाऱ्याची, जागा देणाऱ्याची किंवा वकिलाची सही तिथे नाही. 1876 सालच्या एका खटल्यात ईली नावाच्या वकिलाला हे फार महागात पडले. एका विमा कंपनीच्या नियमावलीत असे कलम होते, की ईली हेच कंपनीचे वकील राहतील आणि गैरवर्तनाखेरीज त्यांना काढता येणार नाही. कंपनीने काही काळ त्यांच्याकडून काम घेतले आणि मग थांबवले. ईलींनी करारभंगाचा दावा लावला. तोपर्यंत ते कंपनीचे सभासदही झाले होते. तरीही ते हरले, कारण नियमावली हा सभासदांचा आपसातला आणि कंपनीशी असलेला करार आहे, आणि वकील म्हणून मिळणारा हक्क हा सभासद म्हणून मिळणारा हक्क नव्हे. उलट 1915 मध्ये मेंढीपालकांच्या एका संघटनेचा सभासद न्यायालयात गेला, तेव्हा नियमावलीतले लवादाचे कलम त्याच्यावर बंधनकारक ठरले, कारण वाद त्याच्या सभासदत्वाचाच होता.

आता हे सगळे आपल्याकडच्या एका कल्पित व्यवहाराला लावून पाहू. समजा, तासगावात तिघे जण मिळून बेदाण्यासाठी शीतगृह काढायचे ठरवतात. 4 जानेवारीला ते शीतयंत्राची 38 लाख रुपयांची ऑर्डर देतात आणि 8 लाख आगाऊ भरतात. ऑर्डरवर ‘नियोजित प्रायव्हेट लिमिटेड कंपनीकरिता’ असे लिहून तिघे सह्या करतात. उरलेले 30 लाख 31 मार्चला द्यायचे असतात. 20 फेब्रुवारीला नोंदणीचे प्रमाणपत्र येते, मार्चच्या सुरुवातीला यंत्र येऊन बसते. कागदोपत्री आणखी काहीच केले नाही, तर 31 मार्चला पुरवठादार 30 लाख त्या तिघांकडून वैयक्तिकरीत्या मागू शकतो. यंत्र चालले नाही, तर ऑर्डरच्या जोरावर कंपनीला स्वतः दाद मागणेही अवघड जाते.

इथे भारतीय कायदा इंग्लंडच्या जुन्या नियमापेक्षा वेगळी वाट देतो. 1963 च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या 15व्या आणि 19व्या कलमात तरतूद आहे, की प्रवर्तकांनी कंपनीच्या कामासाठी नोंदणीआधी केलेला करार कंपनी स्वतः अमलात आणायला लावू शकते आणि समोरचाही तो कंपनीविरुद्ध अमलात आणायला लावू शकतो. मात्र तो करार कंपनीच्या स्थापनेच्या अटींत बसणारा हवा, कंपनीने तो स्वीकारलेला हवा, आणि स्वीकारल्याचे समोरच्या पक्षाला कळवलेले हवे.

‘स्थापनेच्या अटी’ या शब्दांपाशी घटनापत्रकाचे महत्त्व परत येते. उद्देशांच्या कलमात फक्त बेदाण्याची खरेदी-विक्री लिहिली असेल, तर शीतयंत्र त्यात बसते का, यावर वाद निघू शकतो. पूरक कामांच्या सर्वसाधारण शब्दांवर विसंबण्यापेक्षा साठवणूक आणि शीतगृह हे शब्द आधीच घालणे शहाणपणाचे, कारण कंपनी नोंदणीचा SPICe+ अर्ज भरण्याआधी ते दोन मिनिटांचे काम असते आणि नोंदणीनंतर त्यासाठी विशेष ठराव करावा लागतो.

स्वीकृतीची जागा संचालक मंडळाची पहिली सभा ही आहे, जी नोंदणीपासून 30 दिवसांत घ्यावीच लागते. तिथल्या ठरावात ऑर्डरची तारीख, पुरवठादार, एकूण रक्कम, भरलेले 8 लाख आणि बाकी 30 लाख हे सर्व यावे. ‘प्रवर्तकांनी केलेले सर्व करार मंजूर’ अशी एक गोळाबेरीज ओळ पुढे भांडणालाच कारण होते. त्यानंतर ठरावाची प्रत पत्रासोबत पुरवठादाराला पाठवून पोच घ्यावी. व्यवहारात नेमकी हीच पायरी सर्वाधिक राहून जाते. इतिवृत्तात ठराव असतो, पण ज्याला कळवायचे त्याला तो कोणी कळवलेलाच नसतो, आणि न कळवलेली स्वीकृती या कलमांपुरती स्वीकृती ठरत नाही.

आणखी एक अडथळा नोंदणीनंतरचा आहे. शेअर भांडवल असलेल्या कंपनीने, सभासदांनी कबूल केलेल्या शेअरचे पैसे भरल्याचे INC-20A या फॉर्मने 180 दिवसांत जाहीर करायचे असते, आणि ते जाहीर होईपर्यंत तिला व्यवसाय सुरू करता येत नाही, कर्जही उचलता येत नाही. आपल्या शीतगृहाने 30 लाख बँकेच्या कर्जातून द्यायचे ठरवले असेल, तर 31 मार्चच्या आत हे व्हायला हवे. 180 दिवसांची मुदत आहे म्हणून स्वस्थ बसलेल्या प्रवर्तकांचे घोडे इथे अडते.

यानंतरही तिघांची वैयक्तिक जबाबदारी संपली का? स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या त्या दोन कलमांत प्रवर्तक सुटतात असे कुठेही लिहिलेले नाही. सुटायचे असेल तर पुरवठादाराने त्यांना सोडायला हवे. करार कायद्याच्या 62व्या कलमाप्रमाणे जुन्या कराराच्या जागी नवा करार करता येतो, म्हणून पोच घेतानाच तीन पक्षांचा एक छोटा करार करून घ्यावा, ज्यावर कंपनी, प्रवर्तक आणि पुरवठादार यांच्या सह्या असतील आणि इथून पुढे देणेकरी फक्त कंपनी आहे, असे स्पष्ट लिहिलेले असेल. नव्या कंपनीची पत शून्य असल्याने पुरवठादार अनेकदा याला नकार देतो, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केले असते. तशा वेळी 30 लाख पूर्ण चुकते होऊन पुरवठादाराच्या वहीतले ते खाते बंद होईपर्यंत 4 जानेवारीच्या त्या ऑर्डरवरच्या तीन सह्या तिघांच्या नावावर जिवंत राहतात.