काळ्या मातीतला खड्डा

प्राचार्यांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय वृक्षारोपणाच्या आवाहनाचा. आवाहन करतोच, पण शेवटी. आधी खड्ड्याविषयी बोलू द्या. रोपासोबत फोटो सगळेच काढतात, खड्ड्याचा कोणी काढत नाही.

आपल्या ई-क्लास जमिनीवर मागं एका कार्यालयानं झाडं लावली होती, आठवतं ना? ऐन झडीत मंडप टाकला, पाहुण्यांसाठी पांदणीवर मुरूम टाकला. (तो मुरूम अजून आहे, तेवढाच फायदा झाला.) दिवाळीपर्यंत रोपं गेली. गावात एकच चर्चा, बकऱ्यांनी खाल्ली. बकऱ्या बिचाऱ्या बोलत नाहीत, म्हणून आपलं बरं आहे. मी निसर्ग मंडळाची पोरं घेऊन तिथं गेलो. एक करंज उभा होता, पानं पिवळी, पण एकही कुरतडलेलं नव्हतं. हलक्या हातानं ओढला तर पिशवीसकट वर आला! काळी पिशवी तशीच, आणि तळाशी मुळांचं वेटोळं. पिशवी काढायचीच राहिली होती.

दुसऱ्या रोपाची पिशवी काढलेली होती, तरी तेही मेलेलं. तिथली माती हातात घेतली तर आंबूस वास आला. मुळं काळी पडलेली, चिमटीत धरली की साल निसटायची. शेजारच्या वावरातले एक म्हातारे कास्तकार धुऱ्यावर येऊन उभे राहिले, म्हणाले, “सर, हे झाड वाळलं नाई, बुडालं.” मी बी.एस्सी.ला हेच शिकवायला दोन तास घेतो.

झालं असं होतं की खड्डे भर पावसात खणले होते. ओल्या काळ्या मातीत कुदळ मारली की खड्ड्याच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात. ही माती पाणी प्यायली की फुगते, मग तिच्यातून पाणी झिरपणं जवळजवळ थांबतं. खड्ड्याचा रांजण होतो. मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, पानं पिवळी पडतात. आणि पिवळी पानं दिसली की आपण काय करतो? आणखी पाणी घालतो! म्हणून आधी बोटभर माती उकरून पाहा. खाली चिखल असेल तर बादली परत न्या. हीच जमीन उन्हाळ्यात आकसते, हात जाईल अशा भेगा पडतात, कोवळी मुळं तुटतात आणि टाकलेलं पाणी भेगेतून खाली जातं. तिथं वरचा थर खुरप्यानं भुसभुशीत करून भेगा बुजवायच्या, वर पालापाचोळा टाकायचा. कपाशीत डवरा फिरवता, त्यात आणि यात फरक काही नाही.

प्राचार्य घड्याळ दाखवताहेत. पाच मिनिटं, सर.

तर आपले खड्डे रासेयोच्या पोरांनी मे महिन्यातच खणलेत, दीड फूट लांब, रुंद आणि खोल. ते उन्हानं तापले, भिंतीही सुटल्या आहेत. लावताना माती आणि कुजलेलं शेणखत मिसळून भरायचं, माती दबेल हे धरून जमिनीपेक्षा चार बोटं उंच ठेवायचं. खोलगट आळं वरच्या मुरमाड तुकड्यावर, खालच्या काळ्या तुकड्यात नाही. खाली बाभूळ आणि करंज, वर कडुनिंब आणि अंजन. पिशवी ब्लेडनं उभी कापायची, तळाचं वेटोळं बोटभर छाटायचं, मातीचा गोळा फुटू द्यायचा नाही. रोप पिशवीत जितकं खोल होतं तितकंच ठेवायचं, खोड पुरायचं नाही.

येत्या रविवारी, सकाळी साडेसहाला, कॉलेजच्या मागच्या फाटकाजवळ, सायकल स्टँडपाशी. तिथून पांदणीनं पायी. पाऊस आला तरी यायचं. मात्र पाय घोट्यापर्यंत रुतत असेल तर काम पुढच्या रविवारी. जमेल त्यानं कुदळ, फावडं किंवा घमेलं आणावं, खुरपं आणि जुनं ब्लेड तर प्रत्येकाकडे असतंच. दुपट्टा, पाण्याची बाटली, बंद बूट. गवतात साप असतात. बंडीवाले दोघं तयार आहेत, शेणखतासाठी आणखी एक बंडी लागेल. तुराट्या आणि बोरीच्या काट्या असतील तर कुंपणाला द्या, कारण बकऱ्या तशा निष्पाप नाहीतच.

कापलेली प्रत्येक पिशवी माझ्याकडच्या पोत्यात जमा करायची. संध्याकाळी पिशव्या मोजू, लावलेल्या रोपांशी आकडा जुळला नाही तर पुन्हा खड्डे उकरू.

एक दिवसाचे स्वयंसेवक खूप मिळतात. मला फेब्रुवारी ते मे पाणी घालणारे हवेत, आठवड्यातून एकदा, प्रत्येकी दहा झाडं. परीक्षेच्या दिवसांत जोडीदार बदली करेल, म्हणून नावं जोडीनं लिहा. वही दाराबाहेरच्या टेबलावर आहे. पेन दोरीनं बांधलाय, मागच्या वर्षीच्या अनुभवावरून.