आठवीतल्या मुली मैदानाच्या कडेला का बसतात?

श्रोतेहो, नमस्कार.

पाचवी-सहावीत मधल्या सुट्टीची घंटा होताच लंगडीचा डाव मांडणाऱ्या मुली आठवीत गेल्या की खेळाच्या तासाला मैदानाच्या कडेला बसू लागतात, आणि 'आता यांना खेळात रस राहिला नाही' असे आपण ठरवून टाकतो. माझे मत वेगळे आहे. मुलींचा रस संपण्याच्या बऱ्याच आधी आपल्या तासाची मांडणी त्यांना बाहेर बसवत असते. ती कशी, हे पाहण्यासाठी आपल्याकडील एखाद्या माध्यमिक शाळेतली आठवीची तुकडी डोळ्यांसमोर आणूया. तुकडीत २४ मुली आहेत, तास ३५ मिनिटांचा आहे आणि खेळ नेहमीचाच, खो-खो.

आता नियमाप्रमाणे हिशेब करू. नऊ-नऊ जणींचे दोन संघ केले की सहा मुली सुरुवातीलाच उरतात. आक्रमण करणाऱ्या संघातल्या आठ जणी पाटीवर बसलेल्या असतात आणि एकच पाठलाग करत असते. संरक्षण करणाऱ्या संघातल्या तिघी आत असतात आणि सहा जणी आपल्या तुकडीची वाट पाहत असतात. म्हणजे २४ पैकी एका क्षणी प्रत्यक्ष पळणाऱ्या मुली चारच. त्यातही जी चपळ आहे ती तीन-चार मिनिटे टिकते आणि जी नाही ती आत येताच बाद होऊन बाहेर जाते. ज्या मुलीला सरावाची सर्वांत जास्त गरज, तिच्याच वाट्याला सर्वांत कमी खेळ येतो. स्पर्धेसाठी हे नियम उत्तमच आहेत, परंतु वर्गाच्या तासासाठी ते जसेच्या तसे वापरण्याचे बंधन कोणी घातलेले नाही. त्याच मैदानावर बारा-बारा जणींचे दोन छोटे डाव लावले, पाटीवर आठऐवजी पाचच मुली बसवल्या आणि बाद झालेल्या मुलीने कडेला दहा दोरीउड्या मारून पुढच्या तुकडीबरोबर परत आत यायचे असे ठरवले, तर पळणाऱ्यांची संख्या दुप्पट होते आणि बाद होण्याची भीती बरीच ओसरते.

यानंतर निवडीचा प्रश्न येतो. 'मुलींनो, आज काय खेळायचे?' असे मैदानावर उभे राहून विचारले, तर उत्तर देणाऱ्या तीन-चार जणी ठरलेल्या असतात आणि बाकीच्या मान डोलावतात. त्यापेक्षा आदल्या दिवशी वर्गात चिठ्ठ्या वाटाव्यात, फळ्यावर चार प्रकार लिहावेत आणि प्रत्येकीने नाव न घालता त्यांतले दोन लिहून द्यावेत. चारांपैकी एखादा प्रकार हार-जीत असलेला, जसे थ्रोबॉल किंवा कबड्डी. एखादा जोडीने खेळायचा, जसे रिंग टेनिस. आणि एखादा असा की ज्यात कोणी बादच होत नाही, जसे दोरीउड्या किंवा लेझीम. सर्वाधिक मते मिळालेले दोन प्रकार तीन आठवडे शेजारी-शेजारी चालवावेत. दर तासाला प्रकार बदलला तर हाताला चेंडू बसायच्या आत तो निघून जातो आणि 'मला जमत नाही' ही समजूत तेवढी पक्की होते. मात्र निवडीच्या नावाखाली मुलींना कोपऱ्यात लेझीम आणि मुलांना सगळे मैदान, अशी वाटणी होऊ देऊ नये. गुण लिहिणे, चेंडू सांभाळणे ही कामे निवडीच्या यादीत मुळीच असू नयेत. ती फिरती ठेवावीत, नाहीतर वर्षभर त्याच दोघी वही घेऊन बसतात.

गणवेशाची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण ती फारसे कोणी मोकळेपणाने सांगत नाही. अनेक शाळांत शनिवारी कवायतीसाठी पांढरा पोशाख असतो. पाळी सुरू झाल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षे ती बऱ्याच मुलींना अनियमित येते, म्हणजे नेमका कोणता शनिवार अडचणीचा ठरेल हे त्या मुलीलाही सांगता येत नाही. डाग पडण्याच्या धास्तीने ती एकच शनिवार नव्हे, तर सगळेच शनिवार टाळू लागते. ही धास्ती केवळ आपल्या शाळांतली आहे असेही नाही. पांढऱ्या पोशाखाबद्दल कमालीच्या काटेकोर असलेल्या विम्बल्डननेसुद्धा २०२३पासून महिला खेळाडूंना आतून गडद रंगाची शॉर्ट घालण्याची मुभा दिली.

शाळेने करायचे ते फार खर्चाचे नाही. खेळाच्या तासाला गडद रंगाची कोणतीही ट्रॅक पँट आणि सैलसर टी-शर्ट किंवा कुर्ता चालेल, बाही आखूड की लांब हे मुलीने ठरवावे, ओढणी सक्तीची नसावी आणि जिला डोके झाकायचे आहे तिने रुमाल घट्ट बांधून खेळावे, एवढे लिहून पालकांना कळवावे. ठरावीक दुकानातूनच घेण्याची अट घालू नये. घरातली जुनी पँटही चालली पाहिजे. सक्ती फक्त सुरक्षिततेपुरती ठेवावी: पायात बूट, केस बांधलेले, हातात बांगड्या नाहीत. कपडे बदलायला खोली नसेल, तर ज्या दिवशी तास आहे त्या दिवशी मुलींना घरूनच खेळाच्या पोशाखात येऊ द्यावे. आणखी एक गोष्ट आयांसाठी. या वयात पळताना, उड्या मारताना छातीला हिसके बसतात, दुखते आणि संकोचही वाटतो. ब्रिटनमध्ये सुमारे दोन हजार शाळकरी मुलींची पाहणी झाली होती, तीत जवळजवळ निम्म्या मुलींनी याचा आपल्या खेळावर परिणाम होतो असे सांगितले. नीट मापाची स्पोर्ट्स ब्रा ही चैनीची वस्तू नसून बुटांइतकीच खेळाची गरज आहे.

पोट दुखत असल्यास मुलीने सर्वांसमोर सरांची परवानगी मागावी, ही पद्धतही बदलता येते. जिला त्रास होत आहे तिने सरळ दोरीच्या किंवा चालण्याच्या गटात जावे, कारण विचारले जाणार नाही, असे वर्षाच्या सुरुवातीला एकदाच सांगून टाकावे. दुखणे जास्त असेल तर विश्रांतीही घेऊ द्यावी. पण दर महिन्याला शाळा बुडण्याइतके दुखत असेल, तर डॉक्टरांना दाखवायला घरी कळवावे.

राहिले वर्गाचे वातावरण. माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान दोन प्रसंगांत होते. पहिला, दोन कप्तानांनी एकेक नाव घेऊन संघ निवडणे. शेवटी उरणारी मुलगी दर वेळी तीच असते आणि ते सगळ्या वर्गाला पाठ असते. संघ शिक्षकांनी आधीच कागदावर पाडून आणावेत. दुसरा प्रसंग ६०० मीटर धावण्याच्या चाचणीचा. सगळ्या वर्गाने पाहायचे, शेवटची मुलगी धापा टाकत यायची आणि तिची वेळ मोठ्याने वाचली जायची, याऐवजी सहा-सहा जणींना सोडावे, प्रत्येकीची वेळ तिच्या जोडीदारणीने टिपावी आणि तुलना त्याच मुलीच्या मागच्या वेळेशी व्हावी. त्या वेळी कट्ट्यावर बसून शेरे मारणारी मुले असतील, तर त्यांना तिथून उठवून मैदानाच्या दुसऱ्या बाजूला काम द्यावे. आणि 'मुलीसारखा काय पळतोस' हे वाक्य शिक्षकांच्याच तोंडून येत असेल, तर मुलांना बोलण्यात अर्थ उरत नाही.

हे बदल लागू पडत आहेत की नाही, हे हजेरीवरून कळत नाही, कारण कडेला बसलेली मुलगीही हजरच असते. त्यासाठी घड्याळ लावावे. एक चपळ, एक मध्यम आणि एक नेहमी मागे राहणारी अशा तिघींवर लक्ष ठेवून, ३५ पैकी किती मिनिटे त्या प्रत्यक्ष हलत होत्या, हे महिन्यातून एकदा शिक्षकांनी स्वतःच्या वहीत टिपावे. पहिली आणि तिसरी यांच्या आकड्यांतले अंतर कमी होत नसेल, तर खेळाची निवड किंवा संघांची पाडणी पुन्हा तपासावी लागेल. अर्थात तालुका पातळीवर उतरणाऱ्या मुलींना या मिश्र तासाने पुरेसा सराव मिळणार नाही. त्यांचा सराव शाळेच्या आधी किंवा नंतर वेगळाच घ्यावा लागतो. आणि नववी-दहावीत खेळाचा तास गणिताला देऊन टाकणाऱ्या शाळेत यातले काहीच लागू पडत नाही. तिथे पालकांनी वेळापत्रक मागून तो तास खरोखर होतो का, हे आधी विचारावे.

नमस्कार.