बिल 'दे' आणि बिलाची चिठ्ठी 'हेट'

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं आवरून. डच शब्द कानाला ऐकू येतात तसे देवनागरीत लिहिले आहेत. शब्दाच्या शेवटचं 'ट्ये' बोलताना बरंचसं 'च्ये' असं ऐकू येतं.)

मंडळी, नमस्कार.

इथे आलो त्या पहिल्या महिन्यात सुपरमार्केटच्या काउंटरवरच्या बाईंनी मला विचारलं, "विल्ट यू हेट बॉनेट्ये?" पावती हवी का, एवढाच प्रश्न. पण मी आदल्याच रात्री पाठ केलं होतं, पावती म्हणजे 'दे बॉन'. मग बाई 'हेट' कसं म्हणाल्या? त्यांचं चुकलं असेल असं समजून मी घरी जाऊन वही उघडली. चूक माझ्याच वहीची होती.

डचमध्ये नामाआधी इंग्रजी 'द'सारखा शब्द येतो. तो 'दे' लागेल की 'हेट', हे बहुतेक वेळा शब्दाकडे बघून कळत नाही. टेबल 'दे टाफेल', पण घर 'हेट हाउस'. का, तर तसंच आहे म्हणून. एका ठिकाणी मात्र भाषा स्वतःच उत्तर देते. शब्दाला लहानपणाचा प्रत्यय लागला, की मूळ शब्द काहीही असो, तो 'हेट' होतो. दे टाफेल, पण हेट टाफेल्ट्ये.

आपल्याला यात नवल वाटायला नको. गाडा पुल्लिंगी, गाडी स्त्रीलिंगी. सुरा आणि सुरी तसंच. वासरू, कोकरू, लेकरू ही सगळी 'ते'. आकार बदलला की लिंग बदलतं, हे आपल्याकडेही चालतं. डचांनी फक्त सगळी पिल्लं एकाच गोठ्यात बांधली.

आता प्रत्यय कोणता लावायचा? मूळ प्रत्यय 'ये', आणि तो कसा चिकटतो ते शेवटच्या आवाजावर ठरतं. क, प, स असा कडक शेवट असेल तर नुसतं 'ये': बूक, बूक्ये (पुस्तक). खरी गंमत न, ल, र यांच्याशी. तिथे 'ट्ये' लागतं, पण आधीचा स्वर ऐकावा लागतो. 'बॉन'मधला स्वर आखूड, म्हणून मध्ये 'ए' घुसतो आणि बॉनेट्ये होतं. 'बान' म्हणजे नोकरी. तिथला स्वर लांब, म्हणून सरळ 'बान्ट्ये'. लांब स्वरानंतर 'म' आला तर 'प्ये' लागतं: बोम (झाड), बोम्प्ये. हे तोंडाच्या सोयीसाठी आहे. 'म' म्हणताना ओठ मिटलेलेच असतात, मग 'प' आपोआप येतो. 'इंग'वर संपणाऱ्या शब्दात जोर कुठे आहे ते ऐका. 'रिंग' एकटाच, जोर त्याच्यावरच, म्हणून रिंगेट्ये. 'केटिंग' म्हणजे साखळी. तिथे जोर पहिल्या अक्षरावर, म्हणून केटिंक्ये.

'हेट' झालं की मागचे-पुढचे शब्दही बदलतात, आणि आपण अडखळतो ते इथेच. एक लहान टेबल म्हणजे 'एन क्लाइने टाफेल', पण 'एन क्लाइन टाफेल्ट्ये'. 'एन' असताना विशेषणाचा शेवटचा 'ए' गळतो. 'हेट' लावलं की तो परत येतो: हेट क्लाइने टाफेल्ट्ये. 'हे' म्हणायला 'देझे'च्या जागी 'दिट' येतं. आणि अनेकवचनात सगळेच पुन्हा 'दे': दे टाफेल्ट्येस. माझ्या वहीत हे शेवटचं वाक्य दोनदा अधोरेखित आहे, कारण परीक्षेत मी तिथेच दोनदा घसरलो.

हे कळल्यावर मी एक शक्कल लढवली. शंका आली की लहान रूप वापरायचं, म्हणजे 'हेट' चुकायचं नाही. कॉफीच्या कपाला ते छान चालतं. कॉप्ये कॉफी तर सगळेच म्हणतात. पण एका मुलाखतीत मी सांगितलं, मी 'बान्ट्ये' शोधतोय. समोरचे गृहस्थ हसले. बान्ट्ये म्हणजे विद्यार्थी सुट्टीत करतात तसलं फुटकळ काम! 'व्रिंट' म्हणजे मित्र, पण 'व्रिंट्ये' म्हणजे बहुतेक वेळा प्रियकर. व्याकरण बरोबर आणि अर्थ भलताच, असं होतं.

'माइस्ये' म्हणजे मुलगी, तीही 'हेट'. पण तिच्याबद्दल पुढे बोलताना लोक 'ती', म्हणजे 'झे' म्हणतात. आपलं बाळ मात्र मुलगी असली तरी 'रडतंय'च.

आणि शेवटी 'ये' ऐकू आला म्हणून लगेच 'हेट' लावू नका. शरद ऋतूत रस्त्यावर पडतात ती चेस्टनटं म्हणजे 'कस्टान्ये'. तिथला 'ये' मुळातलाच आहे, प्रत्यय नाही, म्हणून ती 'दे कस्टान्ये'. बारकीशी असेल तर 'कस्टान्येट्ये', आणि ती मात्र 'हेट'.