इन्स्ट्रुमेंट कुठे उभं आहे? लेव्हलिंग आणि बेअरिंग करेक्शनची दोन गणितं

नमस्कार. मी सोलापुरात डिप्लोमा सिव्हिलच्या मुलांना सर्व्हेइंग शिकवतो. आज वर्गात घेतलेली दोन गणितं आपण सावकाश सोडवू: एक लेव्हलिंगचं, एक लोकल ॲट्रॅक्शनचं. वह्या तपासताना दिसतं ते असं, की बेरीज-वजाबाकी बहुतेकांना नीट जमते, आकडा कुठल्या रकान्यात टाकायचा तिथं गाडी अडते. त्यासाठी प्रत्येक रीडिंगला एकच प्रश्न विचारायचा: हे रीडिंग घेताना इन्स्ट्रुमेंट कुठे होतं? दोन्ही गणितं या एकाच प्रश्नावर सुटतात.

[स्क्रीनवर: ०.८६५, १.५२०, −२.४८०, २.९४०, १.१३०, १.७४५, २.६१०]

ही ऑटो लेव्हलने ओळीने घेतलेली सात रीडिंग्ज आहेत, सगळी मीटरमध्ये. चौथ्या रीडिंगनंतर इन्स्ट्रुमेंट हलवलं. पहिलं रीडिंग बेंचमार्कवर, त्याची आर.एल. ४५८.००० मानली आहे. आपल्या सोलापूर स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते ना, तशीच ही एक उंची. दुसरं रीडिंग कॉलेजच्या पोर्चमधल्या फरशीवर. तिसऱ्याला वजाचं चिन्ह आहे, कारण तिथं स्टाफ उलटा धरलाय, शून्याचं टोक पोर्चच्या स्लॅबला खालून टेकवून.

आधी रकाने भरू. इन्स्ट्रुमेंट लावल्यावर पहिलं रीडिंग बॅकसाइट, हलवण्याआधीचं शेवटचं फोरसाइट, मधली सगळी इंटरमीजिएट. म्हणून ०.८६५ बॅकसाइट. चौथं, २.९४०, फोरसाइट. मग इन्स्ट्रुमेंट उचललं, पुढं नेऊन लावलं, पण स्टाफवाला जागचा हलला नाही. त्याच जागेवर नवीन रीडिंग आलं १.१३०, ते बॅकसाइट. हाच आपला चेंज पॉइंट. जागा एक आहे म्हणून ओळही एकच, २.९४० आणि १.१३० शेजारी शेजारी. हे दोन आकडे वेगवेगळ्या ओळींत लिहिले की सारणीत जमिनीवर नसलेला एक पॉइंट तयार होतो. ओळी बरोबर पडल्या का हे बघायला सोपा हिशोब आहे: जितकी रीडिंग्ज, त्यातून जितक्या वेळा इन्स्ट्रुमेंट हलवलं तितकं वजा करा. सात वजा एक, सहा ओळी. सातवी ओळ दिसली तर पुढचं गणित करायच्या आधी थांबा.

आता एच.आय., म्हणजे दुर्बिणीतून जाणाऱ्या आडव्या रेषेची उंची. ४५८.००० अधिक ०.८६५, म्हणजे ४५८.८६५. ही उंची फक्त या मांडणीची आहे. इन्स्ट्रुमेंट हललं की ती संपली.

फरशी: ४५८.८६५ वजा १.५२०, आर.एल. ४५७.३४५.

स्लॅबचा तळ: इथं स्लॅब रेषेच्या वर आहे, म्हणून २.४८० मिळवायचे. आर.एल. ४६१.३४५.

चेंज पॉइंट: ४५८.८६५ वजा २.९४०, आर.एल. ४५५.९२५.

इथून नवीन एच.आय.: ४५५.९२५ अधिक १.१३०, म्हणजे ४५७.०५५. त्यातून १.७४५ वजा केले की ४५५.३१०, आणि २.६१० वजा केले की शेवटची आर.एल. ४५४.४४५.

[स्क्रीनवर: बॅकसाइट बेरीज १.९९५, फोरसाइट बेरीज ५.५५०, फरक −३.५५५]

शेवटची आर.एल. वजा पहिली आर.एल., तोही −३.५५५. चेक जुळला. मुलं इथं दुहेरी रेघ मारून पुढच्या प्रश्नाकडे वळतात. तुम्ही थोडं थांबा, कारण या चेकमध्ये काय आलं आणि काय आलंच नाही हे बघायला हवं.

चेकमध्ये बॅकसाइट आहेत, फोरसाइट आहेत. इंटरमीजिएट एकही नाही. समजा घाईत तुम्ही फरशीची आर.एल. ४५७.४३५ लिहिली, तीन-चारची अदलाबदल झाली. चेक तरीही जुळणार. एच.आय. पद्धतीत इंटरमीजिएट पॉइंटची चूक त्याच ओळीत राहते, पुढं जात नाही, म्हणून शेवटी दिसत नाही. हेच गणित राइज अँड फॉलने केलं तर प्रत्येक आर.एल. आधीच्या आर.एल.वरून निघते. तिथं ही अदलाबदल थेट शेवटपर्यंत वाहत जाते आणि चेक जुळत नाही. राइज अँड फॉल लांब आहे, पण इंटरमीजिएट जास्त असतील तर मी तीच पद्धत वापरायला सांगतो.

उलट्या स्टाफचं चिन्ह मात्र राइज अँड फॉलसुद्धा पकडत नाही. करून बघू. बरोबर चिन्ह घेतलं तर फरशीवरून स्लॅबकडे जाताना १.५२० वजा (−२.४८०), म्हणजे ४.००० राइज. स्लॅबवरून चेंज पॉइंटला ५.४२० फॉल. दोन्ही मिळून १.४२० फॉल. आता चिन्ह विसरा. फरशीवरून स्लॅबला ०.९६० फॉल, स्लॅबवरून चेंज पॉइंटला ०.४६० फॉल. बेरीज पुन्हा १.४२० फॉल! चुकीचा आकडा एकदा वजा होतो, एकदा मिळतो, आणि निघून जातो. चेक दोन्ही वेळा जुळतो.

मग चूक ओळखायची कशी? आर.एल. वाचून. चिन्ह विसरलं तर स्लॅबच्या तळाची आर.एल. येते ४५६.३८५, आणि फरशी आहे ४५७.३४५ वर. म्हणजे पोर्चचा स्लॅब फरशीच्या खाली गेला. बरोबर उत्तरात दोन्हींतला फरक ४.००० मीटर येतो, पोर्चखालून गाडी जाईल एवढी मोकळी उंची. फील्डवर हे टेपने मोजूनही बघता येतं.

सरावासाठी हेच सात आकडे घ्या, पण इन्स्ट्रुमेंट पाचव्या रीडिंगनंतर हलवलं असं समजा. शेवटची आर.एल. ४५६.८७० यायला हवी.

आता होकायंत्र. प्रश्न तोच: इन्स्ट्रुमेंट कुठे होतं?

[स्क्रीनवर:
ए-बी: फोर बेअरिंग ७२°३०', बॅक बेअरिंग २५२°३०'
बी-सी: फोर १६०°००', बॅक ३४१°१५'
सी-डी: फोर २५६°३०', बॅक ७४°३०'
डी-ए: फोर ३४४°१५', बॅक १६५°००']

बंद ट्रॅव्हर्स, चार स्टेशन. प्रिझमॅटिक होकायंत्राच्या चकतीवर अर्ध्या अंशाच्या खुणा असतात, १५ मिनिटं आपण नजरेने घेतली आहेत.

सारणीत आकडे रेषेप्रमाणे लिहिलेत. घेतले मात्र स्टेशनवर उभं राहून. ए-बीचं फोर बेअरिंग ए वर उभं राहून घेतलं, बॅक बेअरिंग बी वर उभं राहून. म्हणून सी स्टेशनचे आकडे कुठले? बी-सीचं बॅक आणि सी-डीचं फोर. डी चे कुठले? सी-डीचं बॅक आणि डी-एचं फोर. आणि ए चे? ए-बीचं फोर, आणि तळाच्या ओळीतलं डी-एचं बॅक. गणित सुरू करायच्या आधी प्रत्येक आकड्यावर पेन्सिलीने स्टेशनचं अक्षर लिहा. लोखंडी गेट, विजेची तार, रेल्वेचे रूळ, शेजारी उभा ट्रक, यांतलं काहीही जवळ असेल तर सुई त्या जागेपुरती ओढली जाते. म्हणजे चूक स्टेशनची असते, आणि त्या स्टेशनवरच्या सगळ्या रीडिंग्जना सारखीच लागते.

ए-बीचा फरक बरोबर १८०°. म्हणून ए आणि बी ही दोन्ही स्टेशनं आपण लोकल ॲट्रॅक्शनपासून मुक्त धरतो. त्यांच्यावरचे चारही आकडे पक्के, त्यांना हात लावायचा नाही.

बी-सीचं फोर बेअरिंग बी वरचं, म्हणून १६०°००' पक्कं. बॅक बेअरिंग ३४०°००' हवं होतं, मिळालं ३४१°१५'. सी वर होकायंत्र १°१५' जास्त दाखवतं, करेक्शन −१°१५'. हेच करेक्शन सी वरच्या दुसऱ्या आकड्याला: २५६°३०' वजा १°१५', म्हणजे सी-डीचं फोर २५५°१५'.

यावरून सी-डीचं बॅक ७५°१५' हवं, मिळालं ७४°३०'. डी वर करेक्शन +०°४५'. डी-एचं फोर ३४४°१५' अधिक ०°४५', म्हणजे ३४५°००'. त्याचं बॅक १६५°००' यायला हवं, आणि ए वर तेच मिळालं होतं. गणित जिथून निघालं तिथंच येऊन मिटलं.

सी-डीच्या ओळीकडे पुन्हा बघा. तिथला फरक १८२°, म्हणजे २° जास्त. बरेच जण हे पूर्ण २° डी च्या माथी मारतात. पण त्यात १°१५' सी चे आहेत आणि ०°४५' डी चे. सगळं डी वर टाकलं तर डी-एचं फोर ३४६°१५' होतं आणि बॅक १६६°१५' हवं. ए वर मात्र १६५°००' मिळालंय. फरक १°१५', म्हणजे विसरलेलं सी चं करेक्शन जसंच्या तसं. शेवटी गणित जुळत नसेल तर तो उरलेला फरक आधी काढलेल्या एखाद्या करेक्शनएवढा आहे का ते बघा, चूक कुठल्या स्टेशनवर झाली ते तोच सांगतो.

आतल्या कोनांची बेरीज करून खात्री होईल का? नाही. करेक्शन न करता सी चा कोन काढा: ३४१°१५' वजा २५६°३०', म्हणजे ८४°४५'. करेक्शननंतर ३४०°००' वजा २५५°१५', पुन्हा ८४°४५'. दोन्ही रीडिंग्ज सारख्याच ओढल्या गेल्यात, वजाबाकीत चूक जाते. ए ९२°३०', बी ९२°३०', सी ८४°४५', डी ९०°१५', बेरीज ३६०°. बेअरिंग चुकीचे असतानाही बेरीज बरोबर येते. उलट याचाच उपयोग होतो: एकाही रेषेचा फरक १८०° नसेल तर कोनांवर विसंबता येतं. ज्या रेषेचा फरक १८०° च्या सगळ्यात जवळ आहे ती घेऊन तिथून कोनांच्या मदतीने बेअरिंग काढत जायचे.

एक जागा अशी आहे जिथं ही सगळी आकडेमोड कमी पडते. ए आणि बी दोन्हीकडे सुई सारख्याच दिशेने, सारखीच ओढली गेली असेल, समजा दोन्ही टोकांजवळ रेषेला समांतर लोखंडी कुंपण आहे, तरीही फरक १८०° च येणार. परीक्षेच्या गणितात ते धरायचं नसतं. फील्डवर मात्र शंका आली तर ए-बीच्या रेषेवरच, कुंपणापासून लांब जिथं रेषा मोकळ्या जागेतून जाते तिथं, होकायंत्र लावा आणि बी कडे बघा. ७२°३०' मिळालं तर ए आणि बी पक्के. वेगळं मिळालं तर त्या मधल्या जागेचं बेअरिंग धरा आणि ए, बी दोन्हींना करेक्शन द्या.