पाहुण्यांचा परिचय: ‘पहिल्या’ या शब्दाआधी थांबा

स्नेहसंमेलनाच्या बक्षीस समारंभात परिचयासाठी दीड मिनिट पुरतं. सावकाश वाचलं तर त्यात साधारण दीडशे शब्द बसतात. समोरची मुलं बक्षिसाची वाट पाहत असतात, म्हणून पाहुण्यांचा अख्खा बायोडाटा वाचायचा नाही. या मुलांना बक्षीस द्यायला हीच व्यक्ती का, एवढंच त्यांना कळायला हवं.

समजा, क्रीडा बक्षिसांना धावपटू कविता राऊत येणार आहेत. परिचय असा होईल: ‘नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविताताईंना सगळे ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ म्हणून ओळखतात. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्यात त्यांनी कांस्यपदक मिळवलं. राष्ट्रकुलमध्ये ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत याच अंतरात त्यांना रौप्यपदक मिळालं. २०१२ साली अर्जुन पुरस्कार मिळाला आणि २०१६ मध्ये त्या रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन धावल्या.’

यातलं तिसरं वाक्य नीट पाहा. घाईत ‘ट्रॅकवर’ हा शब्द गळला की विधान चुकतं, कारण २००२ मध्येच अंजू बॉबी जॉर्ज यांनी लांब उडीत कांस्यपदक मिळवलं होतं. ‘वैयक्तिक’ गळला तरी चुकतं, कारण २००६ मध्ये आपल्या मुलींनी चार गुणिले चारशे मीटर रिलेत रौप्यपदक आणलं होतं. ही चूक सहसा दुसऱ्याच्या परिचयातून उतरवून घेताना होते: वाक्य लहान करताना नेमके हेच शब्द कापले जातात. दुसरी नेहमीची गफलत म्हणजे दोन्ही स्पर्धा २०१० च्याच असल्यानं राष्ट्रकुलचं कांस्य आणि आशियाईचं रौप्य यांची अदलाबदल होते. ऑलिंपिकला गेलेल्या खेळाडूला ‘ऑलिंपिक पदकविजेत्या’ म्हणणं तर पाहुण्यांनाच अवघडून टाकतं. भर सभेत त्यांनी दुरुस्ती तरी कशी करायची?

म्हणून कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी लिहिलेला परिचय पाहुण्यांना फोनवर वाचून दाखवा. नाव कसं लावतात, सध्याचं पद कोणतं आणि काय सांगू नये, हे तेव्हाच विचारून घ्या. ‘यांना परिचयाची गरज नाही’ हे वाक्य काढून टाका. गरज नसेल तर आपण उभे का राहिलो?

आभार दुसऱ्या कुणीतरी मानावेत आणि परिचय पुन्हा सांगू नये. ‘मौलिक मार्गदर्शन केलं’ हे आदल्या रात्रीही लिहिता येतं, म्हणून ते कुणाच्या कानात शिरत नाही. भाषण चालू असताना कागद-पेन घेऊन बसा आणि मुलांनी मान वर करून ऐकलेलं एक वाक्य टिपून ठेवा. आभारात तेच वाक्य पाहुण्यांच्याच शब्दांत म्हणा, ते कोणत्या मुलांच्या उपयोगाचं आहे ते सांगा आणि नमस्कार करा. पाहुण्यांना गाडी गाठायची असेल, तर त्यांचे आभार त्यांच्या भाषणानंतर लगेच माना. मंडपवाले, ध्वनिक्षेपकवाले यांचे शेवटी मानले तरी चालतात.